आखाजीचा हिशेब

आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि शेतकऱ्याचे खरे वर्ष त्या दिवशी बदलते. माहेरी आलेल्या लेकींचे झोके, पितरांच्या नावाची घागर आणि आमरसाचे जेवण हे सगळे असतेच, पण ओट्यावर बसलेल्या पुरुषमंडळींच्या दृष्टीने त्या दिवसाचा मुख्य व्यवहार सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, असतो. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे सुरू होते. जुन्याचा हिशेब चुकता होतो, नव्याची बोली होते, थोडी उचल दिली जाते, आणि त्या क्षणापासून पुढच्या आखाजीपर्यंत तो खर्च मालकाच्या माथी पक्का बसतो. मी जळगावला कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला अर्थशास्त्र शिकवतो. स्थिर खर्च आणि बुडीत खर्च यांतला फरक मुलांना समजावताना पुस्तकातला कारखाना मला कधीच पुरला नाही. तो फरक मला कळला तो चोपडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर, आप्पांच्या वहीपुढे बसून.

आप्पा म्हणजे माझे धाकटे काका. तापीकाठची आठ एकर जमीन, त्यातल्या दोन एकरांत केळी आणि बाकीच्यात कापूस. त्यांच्याकडे लांब, लाल पुठ्ठ्याची वही आहे आणि तिच्यात केळीचा प्रत्येक रुपया तारखेनिशी लिहिलेला असतो. दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारले, "बघ, यंदा मृगबाग लावू का नको?" जूनमध्ये, मृगाच्या पावसावर लागवड होते ती मृगबाग. दिवाळीच्या आसपास लागते ती कांदेबाग. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या मृगबागेची कापणी पूर्ण झालेली होती, त्यामुळे हिशेबही पूर्ण होता.

वहीत लिहिले होते ते असे. सहा बाय पाच फुटांवर दोन एकरांत 2,900 रोपे, उतिसंवर्धित, 16 रुपयांना एक, म्हणजे 46,400 रुपये. नांगरट आणि सऱ्या 18,000, शेणखत 30,000, रासायनिक आणि ठिबकमधून सोडायची खते 1,10,000, फवारण्या आणि घडांच्या पिशव्या 25,000, लागवड, निंदणी, पिले काढणे आणि पाने कापणे यांची रोजंदारी 62,600, वीज आणि ठिबकची दुरुस्ती 18,000, आणि सालदाराच्या वर्षाच्या मोलातला केळीच्या वाट्याचा भाग 40,000. बेरीज साडेतीन लाख. उत्पन्नाच्या बाजूला 2,600 घड, सरासरी 20 किलोचा एक, म्हणजे 520 क्विंटल, आणि भाव सरासरी 1,050 रुपये. कापणी आणि भरणी व्यापाऱ्याची. हातात 5,46,000 आले. वजाबाकी करून आप्पांनी खाली दुहेरी रेघ मारली होती आणि लिहिले होते, "नफा 1,96,000".

या हिशेबात चूक काहीच नव्हती. हाच हिशेबी नफा. प्रत्यक्ष मोजून दिलेला पैसा, म्हणजे उघड खर्च, आलेल्या पैशातून वजा केला की तो उरतो. बँकेच्या अधिकाऱ्याने पीककर्जाची परतफेड होईल का असे विचारले, तर त्याला हाच आकडा द्यायचा. पण आप्पांचा प्रश्न बँकेचा नव्हता. त्यांना विचारायचे होते की ही दोन एकर जमीन, हे पैसे आणि हे दोन म्हाताऱ्या माणसांचे वर्ष केळीत घालावे की दुसरीकडे. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर वहीत जे लिहिले नाही तेही लिहावे लागते, आणि तिथून आमचा वाद सुरू झाला.

मी आधी जमिनीचे विचारले. आप्पा म्हणाले, जमीन आपली, तिचे भाडे कोणाला द्यायचे? ते खरेच कोणाला द्यायचे नव्हते. पण शेजारच्या बांधावरचा तरुण शेतकरी विहीर आणि ठिबकासह एकरी 40,000 रुपये खंड द्यायला तयार होता, आणि तो दोनदा घरी येऊन गेला होता. आप्पांनी स्वतः केळी लावली त्या दिवशी त्यांनी हे 80,000 रुपये नाकारले. खिशातून गेले नाहीत, पण खिशात येणार होते ते आले नाहीत. हाच गर्भित खर्च. तो वहीत दिसत नाही, कारण वही देवघेव झाली तरच हलते.

इथे माझे विद्यार्थी हमखास एक चूक करतात आणि आप्पांनीही ती केली. मुद्दा पटल्याबरोबर ते उत्साहाने म्हणाले, मग जमिनीची किंमतही धर, दोन एकर विकले तर केवढे तरी लाख येतील, त्याचे व्याज लाव. तसे करता येते, पण मग खंड धरता येत नाही. जमीन एका वर्षात एकाच ठिकाणी असू शकते: खंडाने दिलेली, किंवा विकून बँकेत ठेवलेली. सुटलेल्या संधींची बेरीज करायची नसते, त्यांतली सर्वांत चांगली एकच धरायची असते. आप्पा जमीन विकणार नव्हतेच, म्हणून खंड धरला. त्याच कारणाने ठिबकच्या संचाची वेगळी घसारा-रक्कमही मी या बाजूला घातली नाही, कारण खंडाच्या 40,000 मध्ये विहीर आणि ठिबक दोन्ही आलेले होते.

मग कष्टाचे. हा भाग नाजूक होता, कारण घरच्या माणसाच्या कामाला रोज लावायचा म्हणजे आमच्याकडे थोडा अपमानच वाटतो. काकू दरवाजात उभी राहून ऐकत होती. केळीत वर्षाला सरासरी 120 दिवस तिचे जातात, निंदणीत, पिले कापण्यात, मजूर बायकांबरोबर राहून काम करून घेण्यात. त्या वर्षी बायकांचा रोज 300 रुपये होता. ती दुसऱ्याच्या शेतात गेली असती तर तेवढे मिळाले असते, म्हणून 36,000. आप्पांचेही दिवस तेवढेच धरले. त्यांना ओळखीच्या एका माणसाने केळी भरणीच्या ठिकाणी देखरेखीला बोलावले होते, दिवसाला 500 रुपये देऊन, म्हणून 60,000. आप्पांनी हरकत घेतली की माझ्यासारख्या अनुभवी माणसाला दिवसाला हजार मिळायला हवेत. मिळायला हवेत हे मलाही मान्य होते, पण कोणी देत नव्हते. गर्भित खर्चात आपल्या मनातली आपली किंमत लिहायची नसते, दारात आलेल्या माणसाने सांगितलेली लिहायची असते. ते बोलावणे खरोखर 40 दिवसांचेच असते, तर मी 40 दिवसच धरले असते आणि उरलेल्या 80 दिवसांपुढे शून्य लिहिले असते. शून्य लिहिताना वाईट वाटते, पण ज्या वेळेला दुसरा उपयोगच नाही तिचा या हिशेबात खर्चही नाही.

राहिले पैशाचे. त्या वर्षी आप्पांनी कर्ज काढले नव्हते, घरातले साडेतीन लाख घातले होते. कर्ज असते तर व्याज उघड खर्चात आले असते आणि आप्पांनी ते न विसरता लिहिले असते. पैसा स्वतःचा म्हणून तेच व्याज गर्भित झाले. पैसे एकदम नाही, हप्त्याहप्त्याने गेले होते, म्हणून वर्षभर सरासरी निम्मे, म्हणजे पावणेदोन लाख अडकले असे धरून सात टक्क्यांनी 12,250 रुपये लावले.

गर्भित खर्चाची बेरीज 80,000, 96,000 आणि 12,250 मिळून 1,88,250 झाली. 1,96,000 मधून ती वजा केली तर उरले 7,750 रुपये. हा आर्थिक नफा. आप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर आम्ही पावणेआठ हजारांसाठी राबलो?"

तसे नव्हते, आणि हे समजावायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. आर्थिक नफा शून्याजवळ असणे म्हणजे तोटा नाही. त्याचा अर्थ एवढाच की जमिनीला तिचा खंड मिळाला, दोघांना त्यांचे रोज मिळाले, पैशाला त्याचे व्याज मिळाले, आणि हे सगळे देऊन झाल्यावर केळीने वर पावणेआठ हजार दिले. केळीतून त्यांना जेवढे मिळाले जवळजवळ तेवढेच जमीन खंडाने देऊन, भरणीवर आणि मजुरीला जाऊन आणि पैसे बँकेत ठेवून मिळाले असते. त्यामुळे केळी लावावी की नाही याचे उत्तर या आकड्याने ढकलून दिले नाही, दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत एवढेच सांगितले. भाव 1,050 ऐवजी 900 मिळाला असता तर उत्पन्न 4,68,000 झाले असते, आप्पांच्या वहीत तरीही 1,18,000 "नफा" दिसला असता आणि दुहेरी रेघही आली असती, पण आर्थिकदृष्ट्या ते 70,250 रुपयांनी मागे गेले असते. त्या दोन आकड्यांच्या मध्ये जे अंतर आहे, त्यात आमच्या भागातली कितीतरी घरे वर्षानुवर्षे राहतात. दरवर्षी नफा होतो आणि तरी घर पुढे सरकत नाही.

एक गोष्ट मात्र या 7,750 मध्ये मावलेली नाही, आणि ती आप्पांनीच दाखवली. खंडाचे 80,000 ठरलेले असतात. केळीचे काहीच ठरलेले नसते. मे-जूनच्या वादळात अर्धा बाग आडवा होतो, भाव पंधरा दिवसांत कोसळतो. सारख्या पारड्यांत एका बाजूला खात्री आणि दुसऱ्या बाजूला धोका असेल तर ती पारडी सारखी नसतात. हे म्हणणे बरोबर होते. तरी आप्पांनी केळीच लावली, कारण भरणीवर दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहणे त्यांना नको होते. त्या नको असण्यालाही किंमत आहे आणि ती लावण्याचा अधिकार त्यांचाच. मी फक्त इतके म्हटले की ती किंमत मोजून द्या, नकळत देऊ नका.

कापसाच्या निमित्ताने हाच वाद दिल्लीपर्यंत जातो, म्हणून थोडे विषयांतर करतो. केळीला सरकारी हमीभाव नाही, कापसाला आहे. त्याची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च अनेक पायऱ्यांनी मोजतो. ए-2 मध्ये शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च येतो, म्हणजे बराचसा आप्पांच्या वहीत असतो तो. त्यात घरच्या कष्टाचे मोल घातले की ए-2 अधिक कौटुंबिक श्रम. आणि स्वतःच्या जमिनीचा मानलेला खंड व स्वतःच्या स्थिर भांडवलाचे मानलेले व्याज घातले की सी-2. 2018-19 च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभाव देण्याची घोषणा झाली आणि तो दीडपटीचा हिशेब मधल्या पायरीवर केला जातो. 2024-25 ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हा मधला खर्च क्विंटलला 4,747 रुपये धरला होता आणि हमीभाव 7,121 होता, म्हणजे बरोबर दीडपट. शेतकरी संघटना दीडपट सी-2 ची मागतात. टीव्हीवर या भांडणात दोन्ही बाजू "खर्च" हा एकच शब्द वापरतात, म्हणून ऐकणाऱ्याला कोणीतरी खोटे बोलत आहे असे वाटते. प्रत्यक्षात काकूचे दिवस दोन्हीकडे धरलेले आहेत. वाद आहे तो बांधावरच्या त्या 80,000 सारख्या खंडाचा आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाच्या व्याजाचा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागवड झाली. ऑगस्टच्या मध्यावर आप्पांचा फोन आला, पानांवर पिवळे पट्टे दिसत आहेत. ढगाळ, दमट दिवस चालले होते. मी शनिवारी गेलो. कोवळ्या पानांवर शिरांच्या दिशेने फिकट रेघा, काही रोपांचा पोंगाच कुजत चाललेला. सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. हा मावा किडीमुळे पसरतो, काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची अशा पिकांवरही राहतो, आणि लागलेल्या झाडाला औषध नाही. मावा आवरण्यासाठी फवारणी करायची आणि रोगट रोप मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करायचे, एवढेच हातात असते. इतक्या लहान वयात लागण झालेले झाड कामाचा घड देत नाही. आम्ही दर चौथी ओळ चालत मोजली: शंभरात 35 रोपे. आठ दिवसांनी आप्पांनी पुन्हा त्याच ओळी मोजल्या, तेव्हा शंभरात 46. एका मोजणीने नुकसान कळते, दोन मोजण्यांनी ते कुठे चालले आहे हे कळते.

तोवर 1,25,000 रुपये घालून झाले होते: रोपांचे 46,400, मशागतीचे 18,000, शेणखताचे 30,000, पहिल्या खतांचे 15,000, मजुरीचे 12,000 आणि फवारणीचे 3,600. आप्पांचे वाक्य ठरलेले होते, सव्वा लाख मातीत घातले आहेत, आता कसा उपटू? काकूच त्यांना म्हणाली, "गयं ते गयं, आते पुढे काय ते सांग." अहिराणीतल्या या आठ शब्दांत बुडीत खर्चाचा सगळा धडा आहे, पण त्यातला "पुढे काय" हा भाग सोपा नाही, आणि तो मी आता सावकाश मांडतो.

पहिला पर्याय, रोगट रोपे काढत राहायची, फवारायचे आणि उरलेला बाग पोसायचा. रोगाचा वेग बघता निम्मी झाडे, म्हणजे 1,450 घड हाती लागतील असे धरले, तेही 18 किलोचे. 261 क्विंटल, हजाराच्या भावाने 2,61,000 रुपये. साडेतीन लाखांच्या नेहमीच्या खर्चातले सव्वा लाख झालेले, म्हणजे पुढे 2,25,000 लागणार. झाडे कमी म्हणून खत थोडे वाचेल, पण तेवढीच फवारणी वाढेल.

इथे आप्पांनी दुसरी चूक केली, आणि ती पहिल्या चुकीच्या अगदी उलट दिशेची होती. आधी गेलेले सव्वा लाख ते हिशेबात ओढत होते. आता ते म्हणाले, उपटला तर हे सव्वादोन लाख वाचतील. वाचणार नव्हते. त्यांतले 40,000 सालदाराचे होते. आखाजीला बोली झालेली, उचल दिलेली. बाग ठेवला तरी ते द्यायचे, उपटला तरी द्यायचे. स्थिर खर्च म्हणजे पीक कमी आले की जास्त आले यावर जो हलत नाही तो. बुडीत खर्च म्हणजे आता काहीही ठरवले तरी जो परत येत नाही किंवा टळत नाही तो. आखाजीच्या सकाळी सालदाराचे मोल स्थिर होते पण बुडीत नव्हते, कारण बोली न करण्याचा मार्ग तेव्हा खुला होता. संध्याकाळी, बोली झाल्यावर, तेच मोल स्थिरही राहिले आणि बुडीतही झाले, पुढच्या आखाजीपर्यंत. खर्च तोच, माणूस तोच, फक्त मध्ये एक दिवस गेला. खर्च कोणत्या जातीचा हे त्याच्या नावावरून ठरत नाही, प्रश्न कोणत्या तारखेला विचारला यावरून ठरते. परीक्षेत मुले "स्थिर खर्च म्हणजेच बुडीत खर्च" असे लिहून येतात तेव्हा मी समासात फक्त "आखाजी?" असे लिहितो, आणि ज्याच्या घरी सालदार आहे त्या मुलाला ते लगेच कळते.

आणि बुडीत खर्च स्थिरच असतो असेही नाही. रोपांचे 46,400 रुपये बदलते होते, जितकी रोपे तितके पैसे. जमिनीत लागली तेव्हा ते पूर्ण बुडाले. उलट ठिबकचा संच स्थिर खर्चातला, पण तो बुडालेला नव्हता, कारण हरभऱ्यालाही तोच चालणार होता. शेणखत अर्धेमुर्धे. केळी उपटली म्हणून मातीतले शेणखत उपटले जात नाही, ते पुढच्या पिकाला मिळते. म्हणजे आप्पांचे सव्वा लाखही सगळे बुडालेले नव्हते. फक्त त्यातला उरलेला जीव मागच्या खर्चात शोधायचा नसतो, तो पुढच्या पिकाच्या कमी लागणाऱ्या खतात आपोआप दिसतो. दोन्हीकडे धरला तर तो दोनदा धरला जातो.

तेव्हा टळू शकणारा पुढचा खर्च 2,25,000 मधून 40,000 वजा जाता 1,85,000. बाग ठेवला तर 2,61,000 वजा 1,85,000, म्हणजे 76,000 रुपये हातात.

दुसरा पर्याय, सगळा बाग उपटायचा. उपटणीला 10,000. कापसाची वेळ निघून गेलेली. ऑक्टोबरअखेर हरभरा, दोन एकरांत 16 क्विंटल धरला, साडेपाच हजारांच्या भावाने 88,000, खर्च 30,000, शेणखतामुळे खत कमी धरून. मग फेब्रुवारीत उन्हाळी बाजरी, तिचे खर्च जाऊन 27,000. एकूण 75,000.

76 आणि 75. आप्पा हसले आणि म्हणाले, मग ठेवतो. पैशाच्या बाजूने त्यांचे बरोबर होते, पण आखाजीला शिकलेला धडा ऑगस्टमध्ये गळून पडला होता. बाग ठेवायचा तर दोघांचे आणखी शंभर-शंभर दिवस त्यात जाणार होते, 500 आणि 300 च्या रोजाने 80,000 रुपयांचे. हरभरा आणि बाजरीला तीस-तीस दिवस, म्हणजे 24,000. ते वजा केल्यावर बाग ठेवण्याचे 76,000 उणे चार हजारांवर आले आणि उपटण्याचे 75,000 हे 51,000 वर राहिले. हातात येणाऱ्या पैशावरून दोन पर्याय सारखे दिसत होते, आणि गर्भित खर्चाने ते वेगळे काढले. शिवाय बाजरी मेमध्ये निघून जमीन पुढच्या मृगाला मोकळी होणार होती, आणि आजारी बाग जुलै-ऑगस्टपर्यंत ती अडवून बसणार होता. ते तर मी धरलेलेही नव्हते.

यात मी एक गोष्ट आधी विसरलो होतो, ती सालदारानेच लक्षात आणून दिली. बाग उपटला तर त्याचा दिवस रिकामा राहणार नव्हता. कापसात निंदणीला आणि फवारणीला आप्पा रोजाने माणसे लावत होते, त्यातली काही कामे आता तो करू शकत होता. त्याचे 40,000 बुडीतच राहिले, पण त्याचे मोकळे झालेले दिवस बुडीत नव्हते. पैसा गेला तरी त्या पैशाने घेतलेली वस्तू अजून हातात असू शकते, आणि तिचा आजचा उपयोग हा आजच्या हिशेबात येतो.

अंदाज चुकू शकले असते, हेही सांगितले पाहिजे. घड 1,450 ऐवजी 1,900 आले असते, तर बाग ठेवण्याचे पारडे 81,000 रुपयांनी वर गेले असते आणि निर्णय फिरला असता. म्हणून तर आप्पांनी दुसऱ्यांदा ओळी मोजल्या तोपर्यंत मी काही सांगितले नव्हते. 35 वरून 37 झाले असते तर मीही बाग ठेवा म्हटले असते. मात्र सव्वा लाख गेले की दहा लाख गेले, यावर तो निर्णय एका रुपयानेही फिरला नसता, कारण ते दोन्ही पर्यायांच्या मागे सारखेच उभे होते.

ऑगस्टच्या शेवटी दोन दिवसांत बाग उपटला. आप्पा पहिल्या दिवशी शेतात गेले नाहीत, ओट्यावरच बसून राहिले. वहीत त्यांनी त्या पानावर तिरकी रेघ मारली, पण पान फाडले नाही.

यंदाच्या आखाजीला पुन्हा तोच ओटा. सालदार येऊन बसला होता, पण आप्पांनी उचल अजून पेटीतून काढली नव्हती. आधी प्रश्न, मग बोली, असे ते म्हणाले आणि मला बरे वाटले. त्यांनी जुनेच केळीचे पान समोर घेतले होते, भाव तोच धरला, खंड तोच धरला, आणि खाली 7,750 पर्यंत आले. या वेळी डावीकडे त्यांनी स्वतःच दोन नवे रकाने आखले होते, एक "दिले" आणि दुसरा "सोडले".

काकू आतून घागरीजवळचे आवरून आली आणि वहीत वाकून बघायला लागली. "माझे किती लावले?" तिने विचारले. आप्पा म्हणाले, तीनशे. "रोज आता साडेतीनशे झाला," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली. आप्पांनी 120 ला 50 ने गुणले, सहा हजार कमी केले, 7,750 खोडून तिथे 1,750 लिहिले, आणि सालदाराला म्हणाले, जरा थांब, चहा घे.